बेरीज ५९ तासांची, दिसतात ११: चौकटी कंसातला `[h]:mm` आणि त्यापुढचा हिशेब

प्रश्न: विक्रोळीतल्या आमच्या गोदामात रात्रपाळीच्या कामगारांची हजेरी मी एक्सेलमध्ये ठेवते. एका कामगाराचे आठवड्याचे तास हाताने मोजले तर ५९ तास १५ मिनिटे होतात, पण शीटमध्ये बेरीज 11:15 येते. सूत्र तर साधे `SUM` आहे. एकूण तास नीट कसे दाखवायचे, आणि त्यावरून ताशी ९० रुपयांप्रमाणे मजुरी कशी काढायची?

उत्तर:

तुमची बेरीज बरोबर आहे, ती फक्त दिसते चुकीची. बेरजेच्या घरावर (समजा ते `D8` आहे) जाऊन `Ctrl+1` दाबा, `Number` या टॅबमध्ये `Custom` निवडा, `Type` या चौकटीतला मजकूर पुसून तिथे पुढील साचा लिहा आणि `OK` करा.

```
[h]:mm
```

घरात लगेच 59:15 दिसेल. एवढ्याने तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग संपतो. मजुरीचा भाग मात्र या साच्याने सुटत नाही, आणि हजेरीच्या शीटमध्ये तास हरवण्याची आणखी दोन-तीन कारणे असतात जी कंस घालूनही तशीच राहतात. गेली बरीच वर्षे मुंबईतल्या लहान कारखान्यांचे आणि गोदामांचे पगारपत्रक करत असल्यामुळे ती कारणे वेगवेगळी कशी ओळखायची हे थोडे विस्ताराने सांगतो.

आधी 11:15 कुठून आले ते पाहू. एक्सेल वेळ तासांत साठवत नाही, दिवसांत साठवते. पूर्ण दिवस म्हणजे १, बारा तास म्हणजे ०.५, सहा तास म्हणजे ०.२५. तुमच्या त्या घराचा साचा क्षणभर `General` करून पाहा, तिथे 2.46875 हा आकडा दिसेल. याचा अर्थ दोन पूर्ण दिवस आणि वर ०.४६८७५ दिवस. दोन दिवसांचे ४८ तास आणि उरलेल्या अपूर्णांकाचे ११ तास १५ मिनिटे, असे मिळून ५९ तास १५ मिनिटे होतात. `h:mm` हा साचा भिंतीवरच्या घड्याळासारखा वागतो. घड्याळाला किती दिवस उलटले याच्याशी कर्तव्य नसते, आत्ता किती वाजले एवढेच ते सांगते. म्हणून दोन दिवस बाजूला पडतात आणि उरलेले 11:15 समोर येतात. `h` भोवती चौकटी कंस घातला की तोच आकडा घड्याळाची वेळ म्हणून न वाचता सुरुवातीपासून लोटलेला एकूण काळ म्हणून वाचला जातो.

हीच युक्ती मिनिटांनाही चालते. `[m]` असा साचा दिला तर त्याच घरात 3555 दिसेल, कारण ५९ तास १५ मिनिटे म्हणजे ३५५५ मिनिटे. एक लक्षात ठेवावे की कंस साच्यातल्या सर्वांत मोठ्या घटकालाच लागतो, `[h]:[mm]` असे लिहायचे नसते. हजेरीपत्रकाची छापील प्रत कामगारांना द्यायची असेल आणि त्यावर मराठी शब्द हवे असतील, तर साच्यात अवतरणचिन्हांत ते घालता येतात.

```
[h] "तास" mm "मिनिटे"
```

घरातला आकडा यातही आकडाच राहतो, त्यामुळे पुढच्या बेरजा बिघडत नाहीत.

आपण काहीच न करता एक्सेलने `h:mm` हा साचा का निवडला, असे तुम्हाला वाटेल. `SUM` लिहिलेले घर बेरजेतल्या घरांचा साचा उचलते, आणि रोजच्या कामाचे तास चोवीसच्या आतच असल्यामुळे तिथे तो साचा बिनचूक चालत असतो. याउलट एखाद्या मोकळ्या घरात 59:15 हाताने टाइप केले, तर एक्सेल स्वतःहून कंसाचा साचा लावते आणि 59:15:00 दाखवते. वर सूत्रपट्टीत मात्र 02-01-1900 11:15:00 असे काहीतरी दिसते, ते पाहून घाबरू नये. दोन दिवस आणि वरचे तास हीच गोष्ट तारखेच्या भाषेत लिहिलेली असते, कारण एक्सेलचा दिवस क्रमांक १ म्हणजे १ जानेवारी १९०० आणि क्रमांक २ म्हणजे २ जानेवारी.

आता तुमचाच आठवडा घरांमध्ये मांडून पाहू. `A` मध्ये तारीख, `B` मध्ये आत येण्याची वेळ, `C` मध्ये बाहेर जाण्याची वेळ आणि `D` मध्ये कामाचा काळ आहे असे धरू. सोमवारी कामगार 20:00 ला आला आणि सकाळी 06:15 ला गेला. बाहेरच्या वेळेतून आतली वेळ सरळ वजा केली तर उत्तर ऋण येते, कारण मध्ये मध्यरात्र गेली आहे. म्हणून दर ओळीत हे सूत्र लागते:

```
=MOD(C2-B2,1)
```

`MOD` इथे ऋण उत्तरात एक दिवस मिळवून ते सरळ करते. सोमवारचे 10:15 होतात, मंगळवारी 20:10 ते 06:00 चे 9:50, बुधवारी 19:55 ते 06:25 चे 10:30, गुरुवारी 20:00 ते 05:40 चे 9:40, शुक्रवारी 20:05 ते 06:20 चे 10:15 आणि शनिवारी 20:00 ते 04:45 चे 8:45. यांची `D8` मधली बेरीज कंसाच्या साच्यात 59:15 येते.

`MOD` बद्दल दोन सावधगिरीच्या गोष्टी आहेत. पहिली अशी की ते एकेका पाळीलाच लावायचे, बेरजेला कधीही नाही. बेरजेला लावले तर ते आकड्यातलेच पूर्ण दिवस काढून टाकते, आणि मग कितीही कंस घातले तरी ५९ तास परत येत नाहीत. साच्याने लपलेले तास आणि सूत्राने कापलेले तास हा फरक इथे कळतो. दुसरी गोष्ट दुहेरी पाळीची. बदली कामगार आला नाही म्हणून एखादा माणूस सकाळी आठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी आठ थांबला, तर आत 08:00 आणि बाहेर 08:00 यांची वजाबाकी शून्य येते आणि त्याचे चोवीस तास नाहीसे होतात. गोदामात अशा पाळ्या होत असतील तर `B` आणि `C` मध्ये वेळेबरोबर तारीखही भरावी आणि `=C2-B2` अशी साधी वजाबाकी ठेवावी. माझ्या मते रात्रपाळी असलेल्या प्रत्येक ठिकाणी तारखेसह वेळ भरणेच चांगले. भरताना थोडा त्रास वाढतो, पण `MOD` ला अंदाज बांधावा लागत नाही.

मजुरीकडे वळू. घरात 59:15 दिसते म्हणून अनेक जण सरळ `=D8*90` लिहितात. पण घरात खरा आकडा 2.46875 आहे, त्यामुळे गुणाकार २२२ रुपये १९ पैसे येतो. दिवसांचे तास करण्यासाठी आधी चोवीसने गुणावे लागते:

```
=D8*24*90
```

याचे उत्तर 5332.5 येते, म्हणजे ५,३३२ रुपये ५० पैसे. ५९.२५ तासांना ९० ने गुणून पडताळून घ्या. या घराला वेळेचा साचा लागला असेल तर मात्र भलतेच काही दिसेल. `h:mm` असेल तर 12:00 दिसेल आणि `[h]:mm` असेल तर 127980:00, कारण एक्सेल त्या ५,३३२.५ रुपयांनाही दिवस समजून त्यांचे तास करून दाखवते. या घराचा साचा `Number` किंवा `Currency` ठेवला की झाले. चौकटी कंसाने घरातला आकडा तसूभरही बदलत नाही, फक्त त्याचे दिसणे बदलते. म्हणून २४ चा गुणाकार कंस घालण्याआधीही लागत होता आणि घातल्यावरही लागतो.

कंसाचा साचा लावल्यावरही बेरीज जुळली नाही तर काय पाहायचे, याची माझी रीत साधी आहे. हाताने केलेली बेरीज आणि शीटमधली बेरीज यांतला फरक काढायचा आणि त्या फरकाच्या आकारावरून कारण शोधायचे.

फरक बरोबर २४, ४८, ७२ असा चोवीसच्या पटीत असेल, तर कारण साचा तरी आहे, किंवा वर सांगितलेले `MOD` तरी. हे मी अनुभवाने शिकलो. साकीनाक्याच्या एका छोट्या कारखान्याचे ओव्हरटाइमचे पत्रक सुरुवातीच्या काळात मी केले होते आणि साचा `h:mm` ठेवून छापून दिले होते. बहुतेक कामगारांचा महिन्याचा ओव्हरटाइम वीस तासांच्या आत असल्यामुळे त्यांचे आकडे बरोबर होते, आणि मी वरवर तपासलेली नावेही नेमकी त्यांतलीच निघाली. ज्या एकाने महिनाभर राबून २७ तास ३० मिनिटे ओव्हरटाइम केला होता, त्याच्या नावापुढे 3:30 छापले गेले. छापील आकड्यावरून पैसे काढल्यामुळे त्याला साडेतीन तासांचेच पैसे मिळाले, आणि तो चिठ्ठी घेऊन आला तेव्हा मला चूक कळली. या चुकीचा स्वभावच असा की कमी काम करणाऱ्याला ती शिवत नाही आणि सर्वांत जास्त काम करणाऱ्याला नेमकी गाठते. म्हणून पत्रक तपासताना सरासरी माणूस न घेता ज्याचे तास सर्वांत जास्त असायला हवेत त्याची ओळ आधी पाहावी.

फरक एखाद्या दिवसाच्या कामाइतका असेल, म्हणजे तुमच्या उदाहरणात 59:15 ऐवजी 50:30 येत असेल, तर शनिवारचे 8:45 बेरजेत आलेलेच नाहीत. तिथे शक्यता अशी असते की ते 8:45 आकडा नसून मजकूर आहे. हजेरीच्या यंत्रातून काढलेल्या फाइलमध्ये हे फार आढळते. वेळेच्या मागे एखादी मोकळी जागा असते किंवा पुढे एकेरी अवतरणचिन्ह असते, आणि `SUM` असा मजकूर तक्रार न करता वगळते. सगळाच रकाना मजकूर असेल तर बेरीज 0:00 येते आणि चूक लगेच डोळ्यांत भरते, पण एकच ओळ तशी असेल तर बेरीज पटण्यासारखी दिसते आणि सुटून जाते. गंमत म्हणजे `=D2+D3` असे अधिक चिन्ह वापरले तर एक्सेल वेळेसारख्या दिसणाऱ्या मजकुराचा बहुधा आकडा करून घेते, `SUM` मात्र तसे करत नाही. त्यामुळे दोन रीतींची उत्तरे वेगळी आली तर तीच मजकुराची खूण समजावी. नक्की करायचे असेल तर शेजारच्या रिकाम्या घरात `=ISNUMBER(D7)` लिहून पाहा. उत्तर `FALSE` आले तर चोर सापडला. एका ओळीपुरते `=VALUE(TRIM(D7))` पुरेसे आहे. पूर्ण रकाना दुरुस्त करायचा असेल तर तो निवडून `Data` मधल्या `Text to Columns` मध्ये जावे आणि काहीही न बदलता `Finish` दाबावे, बहुतेक वेळा सगळ्या वेळा आकड्यांत बदलतात.

याच जातीची एक चूक आपल्याकडे विशेष होते. वहीत आपण साडेदहा तास १०.३० असे टिंब देऊन लिहितो आणि तेच शीटमध्ये टाकतो. एक्सेलच्या दृष्टीने ते दहा दिवस आणि वर तीन दशांश दिवस असतात, आणि कंसाच्या साच्यात त्या एका घरात 247:12 दिसते. बेरीज कमी न येता अचानक शेकड्यांनी फुगली तर टिंबाची ओळ शोधावी. अशा नोंदी बऱ्याच असतील तर पुन्हा टाइप करत बसण्यापेक्षा बाजूच्या रकान्यात हे सूत्र लावावे:

```
=(INT(D2)+ROUND(MOD(D2,1)*100,0)/60)/24
```

हे टिंबाच्या डावीकडचा भाग तास आणि उजवीकडचे दोन अंक मिनिटे धरते. 10.30 चे 10:30 होतात. मात्र भरणाऱ्याला साडेदहा तास १०.५ असे दशांशात लिहायची सवय असेल तर हेच सूत्र १० तास ५० मिनिटे देईल, म्हणून आधी भरणाऱ्याला विचारून घ्यावे. शीट पाहून याचा उलगडा होत नाही.

फरक दोन-चार मिनिटांचाच असेल तर सेकंदांकडे पाहावे. यंत्र 20:00:40 आणि 06:15:10 अशा वेळा देते. त्यांतला काळ १० तास १४ मिनिटे ३० सेकंद होतो, पण `[h]:mm` मध्ये 10:14 दिसते, कारण हा साचा जवळचे मिनिट घेत नाही, वरचे सेकंद झाकून टाकतो. अशा सहा ओळी असतील तर दर ओळीचे तीस सेकंद मिळून तीन मिनिटे होतात, आणि एकूण बेरीज दिसणाऱ्या आकड्यांच्या बेरजेपेक्षा तीन मिनिटांनी जास्त येते. कामगार मोबाइलवर बेरीज करून पाहतात, त्यामुळे हा फरक वादाचे निमित्त होतो. मी दर ओळीतच मिनिटाला पूर्णांक करून घेतो, म्हणजे जे दिसते त्याचीच बेरीज होते:

```
=ROUND(MOD(C2-B2,1)*1440,0)/1440
```

१४४० म्हणजे दिवसाची मिनिटे. पूर्णांक करायचा की नाही आणि कोणत्या बाजूने करायचा, हे मालक आणि कामगार यांच्यात आधी ठरलेले असावे, पत्रक करणाऱ्याने परस्पर ठरवू नये.

ठरलेल्या तासांशी तुलना करताना आणखी एक अडचण येते. आठवड्याला 60:00 तास ठरले आहेत आणि झाले 59:15, तर `=D8-D9` या वजाबाकीत ##### दिसते. एक्सेलच्या नेहमीच्या तारीखपद्धतीत ऋण वेळ दाखवता येत नाही, मग साच्यात कंस असो वा नसो. `Options` मध्ये `Use 1904 date system` हा पर्याय आहे आणि तो निवडला की ऋण वेळ दिसते हे खरे, पण तारखा भरलेल्या जुन्या फाइलमध्ये तो निवडू नये. त्या फाइलमधल्या सगळ्या तारखा चार वर्षे आणि एक दिवस, म्हणजे १,४६२ दिवस पुढे सरकतात आणि हजेरीच्या फाइलमध्ये तो नवा घोळ होतो. त्यापेक्षा दाखवण्यापुरते हे सूत्र बरे:

```
=IF(D8<D9,"-","")&TEXT(ABS(D8-D9),"[h]:mm")
```

इथे -0:45 दिसेल. मात्र `TEXT` ने तयार झालेले उत्तर मजकूर असते. त्याची पुढे बेरीज करायला गेलात तर वर सांगितल्याप्रमाणे `SUM` ते वगळेल. म्हणून असे घर पत्रकाच्या शेवटच्या, छापायच्या रकान्यातच ठेवावे आणि पैशांचे हिशेब मूळ आकड्यांवरून करावे.

हीच फाइल कोणी गुगल शीट्समध्ये उघडत असेल तर तिथे `Format`, `Number`, `Duration` असा तयार पर्याय आहे. त्यात सेकंदांसह 59:15:00 दिसते. सेकंद नको असतील तर `Custom number format` मध्ये तोच `[h]:mm` लिहावा. तिथे ऋण काळही सरळ दिसतो, पण मजुरीसाठी चोवीसने गुणणे तिथेही चुकत नाही.

महिनाअखेरीस सगळ्या कामगारांचा गोषवारा तुम्ही पिव्होट टेबलने काढत असाल तर बाहेरच्या घरांना साचा लावून भागेलच असे नाही, टेबल ताजे केल्यावर तो उडू शकतो. बेरजेच्या रकान्यावर उजवी कळ दाबून `Value Field Settings` उघडावे, त्यातल्या `Number Format` मध्ये `[h]:mm` द्यावा. आणि तिथे `Sum` ऐवजी `Count` आपोआप आलेले दिसले, तर रकान्यात कुठेतरी मजकूर किंवा रिकामे घर आहे. `Sum` करून पुढे जाण्याआधी ती ओळ शोधा, नाहीतर त्या कामगाराच्या एका पाळीचे तास गोषवाऱ्यातून गळतील.